थ्रोची साखळी : डाव्या गुडघ्यापासून बोटांपर्यंत (प्रकल्प नोंदी, नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५)

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

दिवाळीची सुट्टी संपली आणि मैदान पुन्हा हाती आलं, म्हणून नोंदी आजपासून सुरू करतो. प्रश्न एकाच मुलाचा आहे. वय १७, वजन ६१ किलो, उजव्या हाताने फेकणारा. पळतो झकास, झेल सुटत नाहीत, पण सीमारेषेवरून त्याचा थ्रो यष्टिरक्षकापर्यंत पोचता पोचता मरतो. दोन महिन्यांपूर्वी त्याच थ्रोमुळे खांद्याच्या मागच्या बाजूला दुखायला लागलं. फिजिओ मॅडमनी तपासून काही फाटलेलं नाही असं सांगितलं, विश्रांती दिली, व्यायाम दिले, आणि आता फेकायला परवानगी दिली आहे. त्यांनी जाताना एक वाक्य टाकलं: "खांदा दुखतोय, पण चूक खांद्याचीच असेल असं नाही. खालून काय येतंय ते बघा." त्या वाक्यावरच हा प्रकल्प उभा आहे.

नावं लिहीत नाही. हा डीप मिडविकेटला असतो म्हणून याला मिडविकेट म्हणतो. तुलनेसाठी दुसरा मुलगा घेतला आहे. तो वयाने तेवढाच, वजनाने ५८ किलो, दंडाने याच्यापेक्षा बारीक, पण त्याचा थ्रो गोळीसारखा येतो. तो पॉइंट.

वेग मोजायला रडारगन नाही. दोन बांबू सहा मीटर अंतरावर रोवले, थ्रो त्यांच्या रेषेतूनच जाईल असे. मोबाइल बाजूला तिवईवर ठेवला, सेकंदाला २४० फ्रेम. चेंडू पहिल्या बांबूपासून दुसऱ्यापर्यंत जायला किती फ्रेम लागल्या ते मोजायचं. एक फ्रेम म्हणजे सुमारे ४.२ मिलिसेकंद. मिडविकेटला ५७ फ्रेम लागल्या, म्हणजे ०.२३७५ सेकंद, म्हणजे सेकंदाला २५.३ मीटर, ताशी ९१ किलोमीटर. मोजताना एका फ्रेमची चूक झाली तर वेगात ताशी दीड किलोमीटरचा फरक पडतो, म्हणून त्याहून लहान फरकावर मी काही बोलणार नाही. फेक छातीच्या उंचीच्या खुणेवर सपाट मारायची, म्हणजे चेंडूच्या चढामुळे येणारी चूक दोन टक्क्यांच्या आत राहते.

पॉइंटला लागल्या ५० फ्रेम. ताशी १०४.

१३ नोव्हेंबर, बुधवार

पी. टी. चे सर म्हणाले, याचा हातच कमजोर आहे, डंबेल द्या. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. पण ते तपासता येतं, म्हणून आज तीन प्रकारे फेकायला लावलं.

पहिला प्रकार, खुर्चीवर बसून. पाठ टेकलेली, धड न वळवता, फक्त हाताने. दुसरा, उभं राहून, पण दोन्ही पाय जमिनीला खिळलेले, पाऊल उचलायचं नाही. तिसरा, नेहमीचा पूर्ण थ्रो, पळत येऊन क्रो हॉप, म्हणजे फेकण्याआधीची छोटी उडी, घेऊन. प्रत्येकी चार फेकी, मधल्या दोन धरल्या.

मिडविकेट : खुर्चीवर ताशी ५२, पाय खिळवून ७०, पूर्ण ९१.
पॉइंट : खुर्चीवर ५१, पाय खिळवून ७२, पूर्ण १०४.

हे आकडे वहीत लिहिले आणि बराच वेळ बघत बसलो. हात दोघांचा सारखाच आहे. कमरेपासून वर वळण्यातही फार फरक नाही. पॉइंटचे ताशी १३ किलोमीटर कुठून येतात? पळणं, उडी आणि पाऊल टाकणं जमेला आल्यावरच. मिडविकेटचा थ्रो जिथे कमी पडतो ती जागा जमिनीलगत आहे.

१९७४ मध्ये जपानमध्ये तोयोशिमा आणि सहकाऱ्यांनी अशाच पद्धतीने माणसांचे अवयव एकेक बांधून फेकायला लावलं होतं. त्यांच्या मोजणीत चेंडूच्या वेगापैकी साधारण ५३ टक्के हाताचा आणि उरलेला ४७ टक्के पाऊल आणि अंग वळवण्याचा निघाला. पॉइंटचा हाताचा वाटा ४९ टक्के येतो, मिडविकेटचा ५७. म्हणजे मिडविकेटचा हात जास्त जोरदार आहे असं नाही, खालचा वाटा आटला म्हणून हाताचा वाटा फुगलेला दिसतो. आणि त्याला पॉइंटएवढा थ्रो मारायची ईर्ष्या असल्यामुळे तो ती तूट खांद्यातून भरायला बघतो. खांदा दुखण्याचा धागा इथे लागतो असं मला वाटतं.

डंबेल बाजूला ठेवले.

१७ नोव्हेंबर, रविवार

आज दोघांना शेपट्या लावल्या. घरी दिवाळीचा आकाशकंदील उतरवला होता, त्याच्या कामट्या होत्या. हातभर लांबीची एक कामटी पट्ट्याला मागच्या बाजूने आडवी बाहेर काढून बांधली, माकडहाडाच्या थोडं वर. तिला लाल रंग. दुसरी, पिवळी, पाठीवर खांद्यांच्या पातळीवर चिकटपट्टीने घट्ट बसवली. वरून पाहिलं की लाल शेपटी कंबर कुठे वळली ते सांगते आणि पिवळी खांद्यांची रेघ कुठे वळली ते. कामटी हलकी आहे, थोडी थरथरते, पण दिशा स्पष्ट दिसते. पोरं पोट धरून हसली, पण अर्ध्या तासाने स्वतःच एकमेकांच्या शेपट्या नीट बांधून देत होती.

दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीच्या कठड्याबाहेर एक बांबू काढून त्याच्या टोकाला मोबाइल उलटा बांधला. खाली जमिनीवर चुन्याने चौकोन आखला, पुढचं पाऊल त्यात पडलं पाहिजे. दुसरा मोबाइल बाजूने, गुडघा आणि कमरपट्टा दिसेल असा. त्याच चौकटीत एक मीटरची पट्टी उभी ठेवली, म्हणजे अंतर काढता येईल.

फ्रेमचा शून्य कुठे धरायचा? डावं पाऊल जमिनीला पूर्ण टेकतं तो क्षण. उजव्या हाताने फेकणाऱ्याच्या थ्रोमध्ये खरी गोष्ट तिथून सुरू होते आणि चेंडू सुटेपर्यंत संपते. दोघांमध्येही ती ३४-३५ फ्रेममध्ये संपली, म्हणजे सेकंदाच्या सातव्या हिश्शात. बेसबॉलच्या पिचरवर झालेल्या मोजण्यांमध्येही हा वेळ जवळपास एवढाच येतो, सुमारे १४५ मिलिसेकंद. डोळ्यांना यातलं काहीच दिसत नाही. इतकी वर्षं मी मैदानाच्या कडेला उभा राहून "कोपर वर घे" असं ओरडत होतो, ते कशाच्या आधारावर, असा प्रश्न आज पडला.

२० नोव्हेंबर, बुधवार

विधानसभेचं मतदान. शाळेत केंद्र, मैदान बंद. सकाळी मत देऊन आलो आणि दिवसभर घरी फ्रेम मोजत बसलो. पडद्यावर पारदर्शक कोनमापक धरून प्रत्येक शेपटीचा कोन. एका फ्रेमला एक अंशाची चूक सहज होते, म्हणून चार फ्रेमचा फरक धरून वेग काढला.

पॉइंटचं आधी सांगतो, कारण त्याच्यात साखळी दिसते. पाऊल टेकलं तेव्हा लाल शेपटी पिवळीच्या पुढे ३५ अंशांनी होती, म्हणजे कंबर लक्ष्याकडे वळायला निघालेली आणि खांदे अजून मागे. कंबर सर्वांत जोरात वळते ती १२ व्या फ्रेमला. मग लाल शेपटीचा वेग घटायला लागतो आणि पिवळी सुसाट सुटते, तिचा सर्वाधिक वेग १८ व्या फ्रेमला. त्या वेळी हात अजून मागेच आहे, पंजा तर आकाशाकडे उलटा पडलेला. कोपर आणि दंड शेवटच्या सात-आठ फ्रेममध्ये फिरतात आणि चेंडू सुटतो. कंबर, धड, दंड, कोपर, पंजा, असं प्रत्येक जण आधीच्याचा वेग चढून गेल्यावर उठतो आणि त्याच्याहून वेगात जातो. यालाच पुस्तकात कायनेटिक चेन म्हणतात.

आता मिडविकेट. पाऊल टेकताना दोन शेपट्यांमधलं अंतर फक्त १२ अंश. लाल शेपटीचा सर्वाधिक वेग १४ व्या फ्रेमला, पिवळीचा १५ व्या. माझ्या मोजणीत एका फ्रेमच्या फरकाला अर्थ नाही, म्हणजे कंबर आणि खांदे एकत्रच वळतात, एखादं दार बिजागरीवर वळावं तसे. कमरेचा वेग सेकंदाला ५४० अंश, खांद्यांचा ९००. बेसबॉलच्या पिचरमध्ये कंबर ६०० च्या आसपास आणि खांदे १२०० च्या आसपास जातात. तो चेंडू आणि तो थ्रो वेगळा आहे, तरी दिशा कळायला पुरे.

कंबर आणि खांदे यांच्यातला हा पीळ का हवा? पोटाच्या दोन्ही बाजूंचे तिरके स्नायू कंबरेला आणि बरगड्यांना जोडलेले आहेत. कंबर पुढे गेली आणि खांदे मागे राहिले की ते ताणले जातात, आणि ताणलेला स्नायू जास्त जोराने आणि लगेच आकसतो. कंबर आणि खांदे एकदमच निघाले तर ताणायला काही उरतच नाही.

मग खांदे मागे का राहत नाहीत? इथे मी अडलो, आणि बाजूचा व्हिडिओ उघडल्यावर सुटलो.

२४ नोव्हेंबर, रविवार

उत्तर डाव्या गुडघ्यात आहे.

पॉइंटचं पाऊल टेकतं तेव्हा गुडघ्याचा आतला कोन १४२ अंश असतो आणि चेंडू सुटताना १५८. म्हणजे पाय वाकलेला पडतो आणि मग उभा राहतो. मिडविकेटचा १४० अंशांवर पडतो आणि चेंडू सुटताना ११८ वर आलेला असतो. तो पायावर बसतो, शेतातल्या भुसभुशीत ढेकळावर पाय पडावा तसा.

याचा परिणाम कमरपट्ट्याच्या वेगात दिसतो. पाऊल टेकताना मिडविकेटची कंबर सेकंदाला ३.६ मीटर वेगाने पुढे चालली होती, चेंडू सुटतानाही २.६ ने चाललेली. पॉइंटची ३.५ वरून थेट १.६ वर आली. आता थोडं गणित. चालत्या अंगात किती ऊर्जा असते हे वस्तुमान आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या निम्म्याने कळतं. मिडविकेटने सुमारे ३९५ ज्यूल घेऊन पाऊल टाकलं आणि सुटताना २०६ त्याच्याच अंगात शिल्लक होते, म्हणजे १८९ दिले. पॉइंटने ३५५ घेऊन टाकलं, ७४ शिल्लक ठेवले, २८१ दिले. दिलेलं सगळं चेंडूत जात नाही. बराचसा भाग स्नायूंत आणि जमिनीत जिरतो, आणि मिडविकेटच्या बाबतीत तर वाकणाऱ्या गुडघ्याच्या मांडीच्या स्नायूंनीच त्यातला मोठा घास घेतला असणार. चेंडूला लागतात किती? १६० ग्रॅमचा चेंडू ताशी ९१ ने सोडायला ५१ ज्यूल, १०४ ने सोडायला ६६. म्हणजे पळण्यातच गरजेच्या कितीतरी पट ऊर्जा आहे. ती दोघांकडेही आहे. फरक आहे तो पुढच्या पायाने ती वर लोटली का, यात.

मुलांना हे सांगायला एसटीचं उदाहरण घेतलं. उभ्याने प्रवास करताना ड्रायव्हरने कचकन ब्रेक मारला की पाय गाडीबरोबर थांबतात आणि डोकं पुढे झेपावतं. गाडी हळूहळू थांबली तर काही होत नाही. डावा पाय हा ब्रेक आहे. पण थ्रोमध्ये आणखी एक गोष्ट घडते: ब्रेक फक्त डाव्या बाजूला लागतो. डावा खुबा थांबतो, उजवा चालतच राहतो, म्हणून कंबर डाव्या खुब्याभोवती गर्रकन फिरते. पळता पळता एका हाताने खांब धरला की आपण खांबाभोवती फिरतो ना, तसं. मिडविकेटचा खांबच वाकतो. म्हणून कंबरेला वेगळा झटका मिळत नाही, आणि तो मिळत नाही म्हणून मिडविकेट खांद्यांनी ओढून सगळं अंग एकदम वळवतो.

त्याला नीरज चोप्राच्या भालाफेकीचे दोन-तीन व्हिडिओ संथ गतीने दाखवले. भाला ८०० ग्रॅमचा, चेंडूच्या पाचपट, पळण्याचा वेगही जास्त, म्हणून डाव्या पायाचं काम तिथे ठळक दिसतं. पाय जमिनीत मेखेसारखा बसतो आणि सगळं अंग त्याच्यावरून पुढे जातं. फेकल्यावर तो कित्येकदा हातांवर पुढे पडतो, ते का, हे मिडविकेटने स्वतःच सांगितलं: "पाय थांबला सर, पण वरचं अंग थांबलं नाही."

२७ नोव्हेंबर, बुधवार

आजची चूक माझी आहे आणि सविस्तर लिहायला हवी.

आलेखात दिसतं की खांदे सुटले की कंबरेचा वेग घटतो. त्यावरून मी मिडविकेटला सांगितलं, "कंबर वळव आणि मग कंबर थांबव, म्हणजे वरचं सुटेल." त्याने इमानदारीने थांबवली. पोट आवळून, अंग ताठ करून. ६१ फ्रेम. ताशी ८५, आधीपेक्षाही सहाने कमी. दहा फेकींनंतर तो म्हणाला, "सर, कंबरेत लचक भरल्यासारखं होतंय." तिथेच थांबवलं.

घरी आल्यावर जुनं वाचलेलं पुन्हा काढलं. १९९३ मध्ये कॅरल पुटनम यांनी फेकणं आणि लाथ मारणं यांच्या हालचालींचं विश्लेषण करून दाखवलं होतं की वरचा भाग वेग घेतो तेव्हा त्याच्याच प्रतिक्रियेने खालचा भाग मंदावतो. आपण स्नायूंनी त्याला थांबवतो म्हणून नव्हे. मी परिणामालाच कारण समजून बसलो होतो.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

आज वर्गात हे करून दाखवलं. फिरत्या खुर्चीवर पाय उचलून बसायचं आणि हात जोरात डावीकडे झटकायचा. खुर्ची आपोआप उजवीकडे फिरते. खुर्चीला कोणी ब्रेक लावला नाही. हाताने जो वेग घेतला त्याची किंमत खुर्चीने दिली. कंबर तशीच खांद्यांना वेग देताना स्वतः मंदावते, आणि खांदे हाताला देताना. मुलाला "थांबव" म्हटलं की तो स्नायू आवळतो, आणि आवळलेल्या स्नायूंतून पीळ जात नाही. जाणूनबुजून रोखण्यासारखी जागा एकच आहे, जमिनीवरचा डावा पाय. त्याच्या वर सगळं वाहू द्यायचं.

१ डिसेंबर, रविवार

आजपासून सुधारणा. फक्त पायावर काम, हाताबद्दल एक शब्द बोलायचा नाही असं पी. टी. च्या सरांशी ठरवलं.

मिडविकेट शेवटचं पाऊल फार लांब टाकतो. पाऊल जितकं लांब तितका पाय पुढे तिरका पडतो आणि गुडघ्याला सावरणं जड जातं. चुन्याचा चौकोन एक वीत मागे आणला. सराव साधा ठेवला: चेंडूविना तीन पावलं, क्रो हॉप, डावा पाय, आणि तिथेच उभं राहणं. मग चेंडूसह, पण अर्ध्या जोराने. दिवसाला पूर्ण जोराच्या फेकी १२ च्या वर न्यायच्या नाहीत, खांद्यासाठी.

पहिल्या दिवशी तो पाय ताठ करूनच टाकायला लागला, काठीसारखा. टाच जमिनीवर आपटल्याचा आवाज मला वीस पावलांवर आला. हे चुकीचं आहे. ताठ पायाला धक्का घेता येत नाही, तो सरळ गुडघ्यात आणि कंबरेत जातो. पॉइंटचा पायसुद्धा १४२ अंशांवर पडतो, म्हणजे चांगला वाकलेला. पडताना मऊ, पडल्यावर कणखर. मी त्याला म्हटलं, "जिन्याची एक पायरी चढतोस तसा पाय टाक आणि त्याच्यावर उंच हो." हे त्याला लागलीच कळलं. "ब्रेक लाव" या शब्दाने पाय ताठ होत होता, "उंच हो" या शब्दाने तो उभा राहायला लागला.

११ डिसेंबर, बुधवार

वेग वाढतोय, ताशी ९५ च्या आसपास. पण नेम गेला. दहापैकी सहा थ्रो यष्टिरक्षकाच्या डोक्यावरून. मिडविकेट हिरमुसला. "पहिलं बरं होतं सर, निदान स्टंपाकडे तरी जायचा."

फ्रेम पाहिल्यावर कारण दिसलं. आता खांदे पुढे येतात तेव्हा हात पूर्वीपेक्षा जास्त मागे राहतो. बोटं मात्र जुन्या सवयीने, पाऊल टेकल्यापासून तेवढ्याच वेळाने चेंडू सोडतात. हात अजून वर जात असताना चेंडू सुटतो, म्हणून तो वर जातो. ताशी ९५ ने फिरणाऱ्या पंजाची दिशा एकाच फ्रेममध्ये कितीतरी अंशांनी बदलते. खालचा एक दुवा बदलला की वरच्या सगळ्यांची वेळ पुन्हा बसवावी लागते, आणि ती सांगून बसत नाही, फेकून फेकूनच बसते. म्हणून १५ मीटरवरून भिंतीवरच्या खुणेवर अर्ध्या जोराचे थ्रो दिले, आठवडाभर.

हात मागे राहतो हे मात्र मला हवंच होतं. दंड खांद्याच्या रेषेत आणि कोपर काटकोनाजवळ असताना धड पुढे झेपावलं की पंजा आणि चेंडू जडत्वाने मागे पडतात, आणि दंड खांद्याच्या खोबणीत मागे पिळला जातो. खांद्यासमोरचे स्नायू, स्नायुबंध, अस्थिबंध रबरासारखे ताणले जातात. २०१३ मध्ये नील रोच आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या खांद्याची ही साठवण मोजून दाखवली होती: फेकताना दंड जो विलक्षण वेगाने आत फिरतो, तो केवळ त्या क्षणीच्या स्नायूंच्या ताकदीतून येऊ शकत नाही, आधी ताणून ठेवलेलं सुटतं तेव्हा येतो. हा ताण हात स्वतः देत नाही. धडाने पुढे जाऊन द्यायचा असतो.

ती शेवटची पिळणी आणि सुटका माझ्या कॅमेऱ्याला दिसत नाही. पिचरचा दंड सेकंदाला ७००० अंशांच्या आसपास फिरतो. तेवढ्या वेगात माझ्या एका फ्रेममध्ये २९ अंश सरतात, आणि चित्रात नुसता पुसट पट्टा उरतो. म्हणून खांद्याच्या वरच्या दुव्यांबद्दल या नोंदींत आकडे नाहीत. कंबर आणि धड यांच्यापुरतेच माझे आकडे विश्वासाचे आहेत.

२२ डिसेंबर, रविवार

पुन्हा शेपट्या, पुन्हा गॅलरीतला बांबू.

पाऊल टेकताना दोन शेपट्यांत २८ अंशांचं अंतर. लाल शेपटीचा सर्वाधिक वेग ११ व्या फ्रेमला, पिवळीचा १८ व्या. सात फ्रेमचं अंतर, म्हणजे २९ मिलिसेकंद. पडद्यावर पिवळी शेपटी मागे रेंगाळून मग झपाट्याने लालच्या पुढे गेलेली दिसली तेव्हा मी एकटाच खोलीत "हां!" असं मोठ्याने म्हणालो. कंबर सेकंदाला ६०० अंश, खांदे १०८०. गुडघा १३८ अंशांवर पडला आणि १५० वर उठला. कंबरेचा पुढचा वेग ३.५ वरून १.९ वर.

चेंडू ५२ फ्रेम. ताशी १०० ला थोडा कमी.

नेमही परतला आहे, दहापैकी सात थ्रो यष्टिरक्षकाच्या हाताच्या टप्प्यात. ५५ मीटरवरून एका टप्प्यात पोचायला पूर्वी २.९ सेकंद लागत, आज २.७. पळणारा फलंदाज तेवढ्या ०.२ सेकंदात सव्वा मीटर जातो, धावचीतच्या निर्णयात बॅट क्रीजच्या आत की बाहेर हे ठरायला तेवढं खूप आहे.

५ जानेवारी २०२५, रविवार

एक शंका मनात होती. एवढ्या आठवड्यांत फिजिओ मॅडमचे व्यायामही चालू होते, त्यामुळे हातच बळकट झाला असेल तर? खुर्ची पुन्हा आणली. बसून, पाठ टेकून, चार फेकी. १०० फ्रेम, म्हणजे ताशी ५२. नोव्हेंबरमध्येही ५२ च होता. पाय खिळवून ७१, तोही जवळपास तसाच. वाढ फक्त पूर्ण थ्रोमध्ये आहे.

खांदा कसा आहे, हे दर रविवारी शून्य ते दहामध्ये विचारून लिहीत होतो, फेकून झाल्यावर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी. नोव्हेंबरमध्ये सकाळचा आकडा तीन-चार असायचा. गेले तीन रविवार शून्य किंवा एक. मॅडमना दाखवलं. त्यांनी फेकींची मर्यादा हळूहळू वाढवायला सांगितलं, आठवड्याला दोन-तीनने, आणि आकडा तीनवर गेला तर लगेच थांबायला.

१२ जानेवारी, रविवार

सकाळी साडेसातला सामना. गवतावर दव. पहिल्याच षटकात मिडविकेटने धावत येऊन चेंडू उचलला, क्रो हॉप घेतला आणि फेकला. थ्रो जुन्यासारखाच मरतुकडा आला. दुसराही तसाच. तो माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे.

ड्रिंक्सच्या वेळी त्याचे बूट पाहिले. रबराचे, तळ झिजून गुळगुळीत. व्हिडिओ घेतलाच होता. डावं पाऊल टेकल्यावर ते थांबलंच नाही, चार-पाच बोटं पुढे घसरत गेलं. गुडघा बरोबर होता, पाय उंच होत होता, पण ज्याच्यावर उभं राहायचं ती जमीनच सरकत होती. साखळीचा पहिला दुवा पाय नाही, पायाखालची पकड आहे, हे माझ्या एकाही आकृतीत लिहिलेलं नव्हतं.

पॉइंटकडे खिळ्यांच्या बुटांचा जुना जोड होता, एक नंबर मोठा. पुढे कापूस कोंबून मिडविकेटने तो घातला. अठराव्या षटकात डीप मिडविकेटवरून आलेला थ्रो यष्टिरक्षकाने स्टंपांच्या वर, कमरेच्या उंचीवर घेतला आणि बेल्स उडवल्या. फलंदाज क्रीजपासून हातभर लांब होता.

बुटांचे पैसे जमवायला उद्या मुख्याध्यापकांकडे जायचं आहे.